साठ दिवसांचं काम, आजच्या आज

‘तुमच्या सिमचं व्हेरिफिकेशन राहिलंय, आत्ता केलं नाही तर आज नंबर बंद होईल’ हा फोन कसा असतो हे आता कुणाला सांगायला नको. बोरिवलीतल्या सोसायट्यांमध्ये त्याबद्दलची सूचना पाण्याच्या टाकीच्या साफसफाईच्या सूचनेशेजारी लागलेली असते. ती लावणाऱ्या सेक्रेटरींनी महिनाभरापूर्वी स्वतःच ‘व्हेरिफिकेशनसाठी’ दहा रुपयांचं रिचार्ज केलेलं असतं, एवढाच तपशील त्या कागदावर नसतो. हे मला कसं माहीत? मी काही वर्षं उपनगरातल्या एका मोबाइल कंपनीच्या गॅलरीत काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. सेक्रेटरी असोत नाहीतर शेअर ब्रोकर, सगळे शेवटी टोकन घेऊन आमच्यासमोर येऊन बसायचे आणि आधी इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून सुरुवात करायचे, “माझ्या एका मित्राचं असं झालंय...”

बाहेरची समजूत अशी की ही धमकी जामताड्याच्या पोरांनी रचली. गॅलरीतल्या जुन्या लोकांना हे ऐकून हसू येतं, कारण ही संहिता आमच्याच घरची आहे. 2017 च्या मार्चमध्ये दूरसंचार विभागाने फर्मान काढलं की देशातला प्रत्येक मोबाइल नंबर आधारशी जोडून पुन्हा तपासायचा. मुदत 6 फेब्रुवारी 2018. मग सगळ्या कंपन्यांनी ग्राहकांवर मेसेजचा मारा सुरू केला. सुरुवातीला भाषा ‘कृपया’ची होती. काउंटरवरचे आकडे वरिष्ठांना पुरेसे वाटेनात, तेव्हा ‘अन्यथा सेवा बंद होईल’ आलं. गॅलरीबाहेर सकाळी रांग लागायची. आयुष्यभर भांडी घासलेल्या बायकांचे अंगठे यंत्राला दिसायचे नाहीत, मग ओल्या रुमालाने पुसून पुन्हा, मग दुसरं बोट. हा घाबरवण्याचा प्रकार इतका वाढला की नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की लोकांना घाबरवू नका, मेसेजमध्ये शेवटची तारीख तरी लिहा. पुढे एप्रिल 2018 च्या सुनावणीत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी बोलून दाखवलं की मोबाइल आधारशी जोडण्याची सक्ती न्यायालयाने केलीच नव्हती. त्याच वर्षी 26 सप्टेंबरच्या निकालात ती सक्ती रद्द झाली. आमची यंत्रं कपाटात गेली. पण वर्षभर अख्ख्या देशाला शिकवून झालं होतं की सिम बंद होण्याची धमकी आली की निमूट अंगठा द्यायचा. शिकवणीचे पैसे कंपन्यांनी भरले, फायदा भलत्यांनीच घेतला.

त्याआधी उपनगरात याच्या बरोबर उलटा प्रकार घडला होता, आणि तो मला जास्त आवडतो. लूप मोबाइल, म्हणजे जुनं बीपीएल. ज्यांचा नंबर 9821 ने सुरू व्हायचा, त्यांना त्याचा केवढा अभिमान! कारण 9820 आणि 9821 म्हणजे मुंबईतले पहिल्या पिढीचे मोबाइलवाले. लूपचा परवाना 29 नोव्हेंबर 2014 ला संपत होता आणि नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा, असे मेसेज कितीतरी आधीपासून येत होते. ते मेसेज शंभर टक्के खरे होते. आणि लोक म्हणायचे, “हे दुसऱ्या कंपन्यांचे धंदे. ग्राहक पळवायला काहीही सांगतात.” त्या काळात पोर्टिंगची मारामारी अशी होती की शंकेला जागाही होती. शेवटच्या आठवड्यात स्टेशनबाहेर छत्री लावून सिम विकणाऱ्यांकडे झुंबड उडाली. खऱ्या मेसेजला खोटा म्हणणारं तेच गिऱ्हाईक पुढे खोट्याला खरा म्हणून आमच्या टोकनच्या रांगेत आलं.

आता काउंटरवर ऐकलेली एक पूर्ण हकीकत सांगतो, कारण यातली गंमत क्रमात आहे. मुलुंड पूर्वेचे एक काका, मंत्रालयातून निवृत्त, इंग्रजी मसुदा आजही कोमा तपासून वाचणारे. 2022 च्या सुमाराची गोष्ट. सकाळी अकराला त्यांना साध्या दहा आकडी नंबरावरून मेसेज आला, की केवायसी अपुरं आहे, चोवीस तासांत सिम बंद, खालच्या नंबरावर फोन करा. मेसेजमध्ये व्याकरणाच्या तीन चुका होत्या. काकांनी त्या मोजल्या आणि मग फोन केला. पलीकडचा मुलगा अत्यंत अदबशीर. त्याने कार्डाचा नंबर विचारला नाही, ओटीपी विचारला नाही, उलट म्हणाला, “सर, ओटीपी किसी को मत बताइए, मुझे भी नहीं.” काकांना तो माणूस तिथेच पटला.

मग त्याने क्विकसपोर्ट नावाचं अ‍ॅप घ्यायला लावलं. एनीडेस्क या तशाच अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं, त्यामुळे ते नाव थोडं बदनाम झालं होतं, म्हणून नवं नाव. ही अ‍ॅप मुळात चोरांची नाहीत. ऑफिसातला संगणकवाला आपल्या जागेवरून दुसऱ्याचं मशीन दुरुस्त करतो, त्यासाठीची आहेत. काकांनी पडद्यावरचा आयडी वाचून दाखवला, ‘अलाउ’ दाबलं आणि त्या क्षणापासून त्यांच्या फोनचा पडदा दोन ठिकाणी दिसायला लागला. त्यानंतर मुलगा म्हणाला, दहा रुपयांचं रिचार्ज करा, की व्हेरिफिकेशन पूर्ण.

हे दहा रुपये लोकांना क्षुल्लक वाटतात. खरा डाव तिथेच असतो. बँकांची अ‍ॅप अशी बनवलेली असतात की पडदा दुसरीकडे दाखवला जात असेल तर तिथे काळं दिसतं. म्हणून चोराला तुम्ही बँकेच्या अ‍ॅपमध्ये नकोच असता. त्याला तुम्ही ब्राउझरमधल्या रिचार्जच्या पानावर हवे असता, जिथे डेबिट कार्डाचे सोळा आकडे, मुदत आणि मागचे तीन आकडे तुम्ही स्वतः, चष्मा लावून, एकेक करून टाइप करता आणि तो ते उतरवून घेतो. ओटीपी सांगायचा नसतोच, कारण मेसेज आला की तो पडद्याच्या वरच्या कडेला आपोआप झळकतो. काकांचं दहा रुपयांचं रिचार्ज खरोखर झालं, तसा कंपनीचा मेसेजही आला. विश्वास आणखी घट्ट. “अब पाँच मिनट फोन को हाथ मत लगाइए, सिस्टम अपडेट हो रहा है,” असं मुलगा म्हणाला. काकांनी फोन टीपॉयवर ठेवला आणि हात मांडीवर. त्या पाच मिनिटांत एकोणीस हजार नऊशे नव्याण्णव रुपये एका वॉलेटमध्ये गेले. पंचवीस हजारांच्या दुसऱ्या व्यवहाराचा ओटीपी निघणार, एवढ्यात घरातली वीज गेली.

मुलुंडची वीज कंपनी अंधेरी-बोरिवलीपेक्षा वेगळी, त्यामुळे तिकडचं वेळापत्रकही वेगळं. काकांचा फोन वाय-फायवर होता आणि मोबाइल डेटा ते काटकसर म्हणून कायम बंद ठेवायचे. वाय-फाय गेलं, पडदा तुटला. फोनवर मात्र तो मुलगा होताच, आणि इतका वेळ ‘सर’शिवाय न बोलणारा तो एकदम ओरडला, “अबे, लाइट कब आएगा?” काकांना पहिली शंका आली ती चोरीची नव्हे. ते मला म्हणाले, “कंपनीचा माणूस ‘अबे’ म्हणणार नाही हो.”

पुढचं काम मात्र त्यांनी मंत्रालयीन शिस्तीत केलं. आधी बँकेला फोन करून कार्ड बंद, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ वहीत. मग 1930 या हेल्पलाइनला व्यवहाराची माहिती. या क्रमाला अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान त्याने बँकेला कळवेपर्यंत त्याचं स्वतःचं, कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून वेळ वहीत हवी. आणि 1930 वर नोंद झाली की पैसा ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेलाय तिथे तो अडवायचा निरोप जातो. तो तिथून पुढच्या खात्यात, मग एटीएमवर उभ्या असलेल्या भाड्याच्या खातेदाराच्या हातात पोचायच्या आत निरोप पोचला, तरच उपयोग. काकांचा पोचला. बहुतेकांचा पोचत नाही, कारण पहिला तास ‘घरी कसं सांगायचं’ यात जातो. काकांनी घरी अजून सांगितलेलं नाही. काकूंना एवढंच माहीत आहे की त्या दिवशी वीज गेली तरी यांनी वीज कंपनीला पहिल्यांदाच शिव्या दिल्या नाहीत.

बँकेचं केवायसी म्हणून हाच खेळ खेळला जातो तेव्हा नावाजलेले लोकही सुटत नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये वांद्र्यात राहणाऱ्या विनोद कांबळी यांना ‘केवायसी केलं नाही तर कार्ड बंद’ म्हणून फोन आला, एनीडेस्क घ्यायला लावलं गेलं आणि बोलता बोलता लाखाच्या वर रक्कम गेली. त्यांनी लगेच पोलीस गाठले आणि पैसे परत फिरवता आले. आमच्या गॅलरीत या बातमीचा परिणाम भलताच झाला. ज्यांनी मित्राच्या नावावर गोष्टी सांगितल्या होत्या, ते उजळ माथ्याने येऊन सांगू लागले, “माझंही कांबळीसारखंच झालं.”

घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट याहून वरच्या दर्जाची. हा माणूस सावध. अ‍ॅप घेणार नाही, लिंक दाबणार नाही, कार्ड काढणार नाही. पलीकडच्याने तसं काही मागितलंच नाही. तो म्हणाला, केवायसीसाठी एक मेल आयडी नोंदवा आणि मी सांगतो तो मेसेज कंपनीच्या नंबरावर पाठवा. व्यापाऱ्याने नंबर तपासला. तो खरंच कंपनीचाच होता, बिलावर छापलेला, तीन आकडी. निश्चिंत होऊन त्याने मेसेज पाठवला, उलट ‘खात्री करा’ आलं त्याला 1 उत्तर दिलं. त्याने नोंदवलेला मेल आयडी चोराचा होता आणि पाठवलेला मेसेज म्हणजे ‘माझं सिम ई-सिममध्ये बदलून द्या’ अशी विनंती होती. क्यूआर कोड चोराच्या मेलवर गेला. कंपनीने नियमानुसार, ग्राहकाच्या लेखी विनंतीवरून, ग्राहकाचा नंबर चोराच्या फोनमध्ये सुरू करून दिला. हिरव्या टिकमार्कसकट.

या प्रकारात ओळखण्याची खूण एकच, फोनवरचं नेटवर्क जातं आणि परत येत नाही. पण चोराने आधीच सांगून ठेवलेलं असतं की दोन-तीन तास नेटवर्क जाईल, घाबरू नका, तेच व्हेरिफिकेशन आहे. व्यापारी घाबरला नाही. तो जेवायला घरी गेला. तोवर त्याच्या चालू खात्यातून मोठी रक्कम काढायचा प्रयत्न सुरू झाला, ओटीपी चोराकडे येत होते, सगळं जुळून आलं होतं. अडचण एवढीच झाली की ते खातं दोन भावांच्या भागीदारीचं होतं आणि मोठा व्यवहार एकाने टाकला की दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी बँकेत सोय होती. भावाभावांत गोडाउनवरून वाकडं आलेलं. धाकटा जे टाकेल ते थोरला न बघताच नाकारायचा. त्या दुपारी त्याने लागोपाठ तीन विनंत्या सवयीने नाकारल्या. दोघांचे संबंध चांगले असते तर पैसे गेले असते. हे त्यांना समजावून सांगताना आमच्या मॅनेजरची जीभ अडखळली, कारण भांडण मिटवू नका असा सल्ला देणं कंपनीच्या धोरणात बसत नव्हतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये दूरसंचार विभागाने सिम बदललं की चोवीस तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचा आदेश काढला. ओटीपी येईना, तेव्हा चोरांनी एसएमएस सोडून कॉलचा रस्ता धरला. दहिसरच्या एका बाईंना सांगण्यात आलं, व्हेरिफिकेशनसाठी फक्त *401* आणि पुढे दहा आकडी नंबर डायल करा. अ‍ॅप नाही, ओटीपी नाही, पैसे नाहीत, मग काय बिघडतं? बिघडलं असं की तो कोड म्हणजे आपल्याकडे येणारे सगळे कॉल दुसऱ्या नंबराकडे वळवा, हा नेटवर्कला दिलेला हुकूम. मग चोर त्यांच्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप चालू करतो, पडताळणीचा आकडा एसएमएसऐवजी कॉलवर मागतो, आणि तो कॉल थेट त्याच्याच कानात येतो. पुढे ओळखीच्यांना ‘अर्जंट पंधरा हजार पाठव’ वगैरे.

पण चोराने एका गोष्टीचा हिशेब केला नव्हता. सगळे कॉल म्हणजे सगळे. दुपारी दोनपासून त्याला रत्नागिरीहून बाईंच्या सासूबाईंचे, शाळेच्या व्हॅनवाल्याचे, गॅसवाल्याचे, शिंपिणीचे आणि भिशीतल्या बायकांचे फोन येऊ लागले. सासूबाईंनी तर त्याला “तू कोण, आणि ती कुठे आहे?” असं विचारून अर्धा तास सोडलं नाही. संध्याकाळी त्याने वैतागून फोनच बंद केला. तोवर सासूबाईंनी निम्म्या रत्नागिरीला सूनबाई बेपत्ता असल्याचं कळवलं होतं, नवरा ऑफिसातून धावत आला होता आणि बाई घरात मटार सोलत होत्या. गॅलरीत आमच्या मुलीने ##002# डायल करून कॉल वळवणं रद्द केलं. 15 एप्रिल 2024 पासून कोड डायल करून कॉल वळवायची सोय बंद ठेवायचा आदेश कंपन्यांना निघाला. तो निघण्यामागे रत्नागिरीचा हात नसावा, पण मला तसं मानायला आवडतं.

इथे एक घरची भानगड सांगायला हवी. केवायसी करा म्हणून धमकावणारा माणूस ज्या सिमवरून बोलतो, त्या सिमचं केवायसी कुणाचं असतं? गॅलरी आणि रस्त्यावरचे छत्रीवाले यांच्यात जुनं वैर. आम्ही म्हणायचो ते कागद नीट बघत नाहीत, ते म्हणायचे तुम्ही एसीत बसून टार्गेट आमच्यावर ढकलता. दोघांचंही खरं होतं. काही छत्रीवाल्यांची युक्ती ठरलेली होती, ग्राहकाने अंगठा ठेवला की म्हणायचं, “मॅच नाही झाला मावशी, परत ठेवा.” पहिला अंगठा जुळलेलाच असायचा. दुसऱ्या अंगठ्यावर त्याच मावशीच्या नावाने आणखी एक सिम निघायचं आणि ते चढ्या भावाने विकलं जायचं. पुढे कधीतरी पोलीस मालाडच्या चाळीत त्या मावशीच्या दारात येऊन विचारायचे, “मोबाइल कंपनीच्या नावाने फोन तुम्हीच करता का?” 2023 मध्ये दूरसंचार विभागाने ग्राहकांचे फोटो एकमेकांशी ताडून पाहणारी ‘अस्त्र’ नावाची यंत्रणा वापरली, तेव्हा मुंबईत एकाच चेहऱ्यावर वेगवेगळ्या नावांनी शेकडो सिम निघाल्याचं आढळून गुन्हे दाखल झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून सिम विकणाऱ्याचीही नोंदणी सक्तीची झाली. आपल्या नावावर किती नंबर आहेत हे संचारसाथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. आमच्या एका सहकाऱ्याने उत्साहाने स्वतःचं तपासलं तर सहा निघाले. त्यातले चार त्यानेच महिनाअखेरीला टार्गेट पूर्ण करायला स्वतःच्या नावावर काढले होते आणि विसरला होता.

नंतर अदबशीर मुलाची जागा यंत्राच्या आवाजाने घेतली. ‘ट्रायकडून बोलतोय, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील, अधिक माहितीसाठी 9 दाबा.’ ट्राय म्हणजे नियम करणारी संस्था, एखाद्या ग्राहकाचं सिम बंद करणं तिचं कामच नाही, आणि तिने हे अनेकदा जाहीरही केलंय. पण 9 दाबलं की सांगतात, तुमच्या आधारवर दुसरं एक सिम निघालंय, त्यावरून बेकायदा मेसेज गेलेत आणि मुंबईत ‘अंधेरी ईस्ट पोलीस स्टेशन’मध्ये गुन्हा नोंदलाय. देशभरातल्या लोकांच्या तक्रारींत हे ठाणं पुन्हा पुन्हा येतं. अंधेरी पूर्वेला पोलीस ठाणी आहेत, अंधेरी आहे, एमआयडीसी आहे, सहार आहे. ‘अंधेरी ईस्ट’ या नावाचं ठाणं मात्र फक्त फोनवर आहे. पुढचं वाक्य ठरलेलं असतं, “दो घंटे में मुंबई आकर स्टेटमेंट दीजिए.” लुधियानाचा किंवा लखनौचा माणूस दोन तासांत पोचणार कसा? मग उदारपणे व्हिडिओ कॉलची सवलत मिळते, आणि खरा खेळ तिथून पुढे.

हा फोन एकदा चुकून अंधेरी पूर्वेच्याच एका गृहस्थांना लागला. सेवानिवृत्त, दुपारची झोप मोडलेली, करायला काही नाही. दोन तासांत यायला सांगितल्यावर ते म्हणाले, “वीस मिनिटांत येतो. कुठल्या नाक्यावर आहे तुमचं ठाणं?” पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, साहेब राउंडला गेलेत. हे म्हणाले, बसतो मी, चहा घेऊ. पलीकडच्याने घाईने प्रकरण दिल्लीला वर्ग झाल्याचं सांगितलं. गृहस्थ हट्टाने कपडे करून खाली उतरले, पण जवळचं भाडं म्हणून एकही रिक्षावाला थांबेना. अंधेरीत पोलीस ठाण्यात वेळेवर पोचणं खऱ्या आरोपीलाही जमत नाही.

सगळेच इतक्या स्वस्तात सुटले नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना आलेला फोनही हाच होता, नंबर बंद होणार, 9 दाबा. या वेळी अंधेरीला डावलून कुलाब्याचं सीबीआय कार्यालय घेतलं होतं. प्रकरण म्हणून मात्र जेट एअरवेजच्या नरेश गोयल यांचं नाव पुढे केलं, आणि जेटचं मुख्य कार्यालय होतं अंधेरीत. म्हणजे अंधेरी काही सुटली नाही. ब्याऐंशी वर्षांच्या या उद्योगपतींना दोन दिवस व्हिडिओवर नजरकैदेत ठेवलं, स्काइपवर सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी भरवली, शिक्क्यानिशी आदेश पाठवला आणि सात कोटी रुपये काढून घेतले. पोलिसांनी त्यातले सव्वापाच कोटी परत मिळवले, हे या धंद्यात दुर्मीळच. त्या खोट्या सुनावणीत न्यायासनावर कोण बसलं होतं? तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा तोतया. ज्या न्यायमूर्तींनी 2018 मध्ये सांगितलं होतं की मोबाइल जोडायची सक्ती आम्ही केलीच नाही, त्यांच्याच नावाने, मोबाइल बंद होण्याच्या धमकीतून सुरू झालेल्या खटल्याचा निकाल लागला.

या सगळ्यात खरं पुनर्व्हेरिफिकेशन कसं असतं, हे फारसं कुणी विचारत नाही. ते असतं. डिसेंबर 2021 च्या आदेशानुसार एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त नंबर निघाले तर कंपनी त्याला कळवते, कुठले ठेवायचे ते निवडा. त्याने काहीच केलं नाही तर तीस दिवसांनी त्याच्याकडून जाणारे कॉल बंद, पंचेचाळीस दिवसांनी येणारे बंद आणि साठाव्या दिवशी नंबर बंद. आजारी किंवा परदेशात असेल तर आणखी तीस दिवस. अगदी पोलिसांनी संशयित म्हणून दिलेला नंबर असला तरी जाणारे कॉल थांबवायला पाच दिवस आणि पूर्ण बंद करायला पंधरा दिवस धरलेले. सरकारी कागद इतक्या वेगानेच चालतो. ‘आज’ बंद करायची क्षमता आमच्या कंपनीत कुणाकडेही नव्हती. स्वतःहून नंबर बंद करायला आलेल्या ग्राहकालाही आम्ही आधी चार ऑफर ऐकवायचो.

बोरिवलीत एका एकत्र कुटुंबात आजोबांच्या नावावर अकरा नंबर होते, सुना, नातवंडं, ड्रायव्हर, गावचा गडी, सगळ्यांचे. कंपनीने रीतसर मेसेज पाठवला. थोरल्या सूनबाईंनी सोसायटीच्या नोटीसबोर्डावरची सूचना पाठ केली होती. त्यांनी मेसेज उडवला. गॅलरीतून आमच्या मुलीने फोन केला, तर तिला शुद्ध मराठीत आईबापांनी काय शिकवलं असं विचारून ब्लॉक केलं. तिसाव्या दिवशी दोन नंबरांवरून फोन जाईनात, पंचेचाळिसाव्या दिवशी येईनात. घरी सगळ्यांनी बाईंचं कौतुक केलं, चोरांना किती दिवस झुंजवलं म्हणून. साठावा दिवस उलटल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि फसवणूक करणाऱ्या कंपनीविरुद्ध लेखी तक्रार द्यायला कागद मागू लागल्या. मॅनेजरने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळे मेसेज तारखांसकट दाखवले. बाईंनी ते नीट वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, “हे सगळं खरं कशावरून? आणि तुम्ही तरी कशावरून?” मॅनेजर बिचारा स्वतःचं ओळखपत्र शोधायला आत गेला. ते घरी राहिलं होतं.